चूक कोणाची, ते मी लिहिणार नाही

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा परत पाठवली. कथा परत येण्याचं मला नवल नाही. फोनवर त्यांनी जे कारण सांगितलं ते मात्र अजून डोक्यातून जात नाही. म्हणाले, "ताई, भांडण छान जमलंय, पण चूक कोणाची तेच कळत नाही. आणि मुस्लिम घर आहे म्हटल्यावर नवऱ्यानं निदान तलाकची धमकी तरी द्यायला हवी होती. वाचक वाट बघत राहतो."

तीच कथा मी आपल्यातल्या एका बुजुर्गांना वाचायला दिली. दीन आणि अदब दोन्हींचा त्यांचा अभ्यास मोठा. त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "बेटा, ही बाई नवऱ्यापासून पैसे लपवते. शेवटी तिला पस्तावा होत नाही. हे काय शिकवायचं आहे तुला?"

एकाला नवरा गुन्हेगार हवा होता, दुसऱ्याला बायको. दोघंही भले लोक. दोघांची मागणी मात्र एकच होती, की वाचकाला निकाल लिहून दे. 2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि 2019 चा कायदा झाल्यापासून तर मराठीत मुस्लिम नवरा-बायको एका खोलीत आले की तिसरा तलाक येऊन बसलेलाच असतो. जणू आपल्या घरात लाईट बिल येत नाही, नणंदेचं लग्न निघत नाही, महिन्याच्या 22 तारखेला पगार संपत नाही. त्या 22 तारखेवर लिहायला गेलं की बाहेरचे म्हणतात यात मुसलमान कुठे आहे, आणि आतले म्हणतात यात इस्लाह कुठे आहे.

म्हणून आज ती कथाच इथे उघडून ठेवते. ती कशी लिहिली, कुठे चुकले, काय खोडलं, सगळं.

माझं जोडपं किराडपुऱ्यात राहतं. (शहराचं नाव बदललं, किराडपुऱ्याचं आहे तेच आहे.) रफीक वाळूजच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलाय, महिना 19 हजार. भाडं साडेपाच. दोन मुलं, त्याची अम्मी, अम्मीच्या बीपीच्या गोळ्या. नसीम घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. तिच्या शिलाईतून ती दरमहा दोन हजार भिशीत टाकते.

इथे थांबून भिशीचा हिशोब मांडायला हवा, कारण सगळं भांडण त्या हिशोबात दडलेलं आहे. 20 बाया, प्रत्येकी दोन हजार, म्हणजे दर महिन्याला 40 हजार जमतात आणि चिठ्ठीत जिचं नाव निघेल ती घेऊन जाते. 20 महिन्यांत सगळ्यांचा नंबर लागतो. व्याज नाही, म्हणून नमाजी घरातल्या बायाही निर्धास्तपणे भिशी लावतात. बोली लावून कमी पैशांत उचलायची भिशी मात्र त्या टाळतात. नसीमचा नंबर अकराव्या महिन्याला लागला. तोवर तिनं स्वतःचे 22 हजार भरलेत. हातात आले 40. म्हणजे वरचे 18 हजार ही बचत नाहीच, ते इतर बायांचे पैसे आहेत आणि पुढचे नऊ महिने दोन-दोन हजारांनी फेडायचे आहेत.

आता बघा. रफीकला दिसतं, घरात 40 हजार आले. नसीमला दिसतं, घरात 22 हजार आले आणि 18 हजारांचं ओझं आलं. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांनाही एकच नोटांचं बंडल दिसतंय. पैशाचं भांडण लिहिणाऱ्यानं आधी कागदावर ही बेरीज-वजाबाकी करावी आणि नवरा-बायको एकाच आकड्याकडे बघून दोन वेगळे आकडे कुठे वाचतात ते शोधावं. ती जागा सापडली नाही तर संवाद लिहायला बसू नये. मग उरतात फक्त शिव्या, आणि कोण जास्त ओरडतो त्यावर वाचक निकाल देतो.

त्या 40 हजारांवर दोन हक्क आहेत. रफीकच्या धाकट्या बहिणीचं लग्न शव्वालमध्ये आहे, ईद झाली की लगेच. अब्बा नाहीत. शादीखान्याचे 30 हजार त्यानं द्यायचे ठरलेत. ही बहीण दहावीनंतर घरी बसली, जरीकाम करू लागली, त्या पैशांतून रफीकचं आयटीआय झालं. तो हे कधी बोलून दाखवत नाही, पण विसरलेलाही नाही. नसीमला जुकी मशीन घ्यायचं आहे, टेबल-मोटरसकट 26 हजार. पायाच्या मशीनवर तिचे दिवसाला तीन ब्लाऊज होतात. शाळेच्या गणवेशांचं काम जुकी असल्याशिवाय दुकानदार देत नाहीत, आणि जूनच्या गणवेशांचं कापड एप्रिलमध्येच वाटलं जातं. एप्रिल चुकला की वर्ष चुकलं.

30 आणि 26 मिळून 56. हातात 40. अडचण आहे 16 हजारांची.

हा आकडा मी फार विचार करून ठेवलाय. पहिल्या खर्ड्यात तो दोन लाख होता, लग्नाचा अख्खा खर्च. भांडण उभंच राहीना. दोन लाख कमी पडत असतील तर माणसं भांडत नाहीत, डोक्याला हात लावून बसतात. दोन हजार कमी पडत असतील तर शेजारून उसने आणतात. पैशाचं भांडण होतं ते मधल्या आकड्यावर, जिथे प्रत्येकाला वाटतं की समोरच्यानं थोडं वाकायचं ठरवलं तर हे जमण्यासारखं आहे. न वाकण्याचा राग येतो, पैसे नसण्याचा येत नाही. किराडपुऱ्यातल्या या घरासाठी तो आकडा 16 हजार आहे. सिडकोतल्या बँकेत नोकरीला असलेल्या जोडप्यासाठी वेगळा असेल. तो ज्याचा त्यानं शोधावा.

आता दोघांची चूक. चूक हवीच, नाहीतर दोन फरिश्ते भांडतायत असं होतं. नसीमनं भिशी लागल्याचं चार दिवस सांगितलं नाही. रफीकनं तिला न विचारता शादीखान्यावाल्याला शब्द दिला. दोघंही लोभापोटी असं वागलेले नाहीत. ती घाबरली होती की सांगितलं की पैसे गेले. तो घाबरला होता की विचारलं की नकार येईल, आणि मग बहिणीला काय तोंड दाखवायचं. ही भीती वाचकाला दिसली की चूक चूकच राहते, माणूस मात्र वाईट ठरत नाही.

रफीक सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला येतो. ती मशीनवर बसलेली.

"बंद कर ते मशीन. अम्मी झोपल्यात."

"एवढी पट्टी राहिलीय."

"रोज एवढीच राहते."

"जुकी आली की आवाज नाही येणार. सर्व्हो मोटर असते त्याला."

"जुकी कुठून येणार आहे?"

ती दोरा तोडते.

"भिशी लागली काय?"

"हौ."

"कधी?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे."

"आणि तुम्ही शादीखान्याचा शब्द कधी दिला? मला तुमच्या बहिणीनं सांगितलं, दुपारी, फोनवर."

खरं तर हे दोघं दखनीत भांडतील, मराठीत नाही. मी मराठीत लिहिते, म्हणून मराठी. पण 'हौ' आणि 'नक्को' मी ठेवते, कारण ते मराठी माणसाला कळतात आणि त्याशिवाय घर आपलं वाटत नाही. दुसरं, नसीम शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणते. टीव्हीवर बायको चिडली की 'तू' वर येते. आपल्याकडे बायको चिडली की 'तुम्ही' आणखी ठळक होतं, आणि एरवी ती 'अर्शदचे अब्बा' म्हणून हाक मारत असेल तर तेवढी हाक बंद होते. राग त्या न मारलेल्या हाकेत असतो.

भांडण वाढतं. तो म्हणतो, "तुझे पैसे तुझे, आणि माझे पैसे घराचे?" या वाक्याला नसीमकडे उत्तर नाही. ती दोन हजार भिशीत टाकू शकली कारण भाडं, राशन, गोळ्या सगळं 19 हजारांतून निघालं. शरियतनं बायकोची कमाई बायकोची ठरवली आहे आणि घर चालवण्याची जबाबदारी नवऱ्यावर टाकली आहे, हे नसीमला माहीत आहे, रफीकलाही माहीत आहे. मसला विचारायला गेलं तर नसीमच्या बाजूनं उत्तर येईल. पण तिला त्याच रफीकसोबत त्याच खोलीत राहायचं आहे, आणि त्याच्या प्रश्नातला थकवा तिला ऐकू आलाय.

मग ती म्हणते, "माझे पैसे माझे राहिले असते तर हातात बांगड्या असत्या." आता रफीककडे उत्तर नाही. निकाहनाम्यात मेहर म्हणून लिहिलेल्या दोन तोळ्याच्या त्या बांगड्या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ठेकेदारानं काम बंद केलं तेव्हा तिनं स्वतः उतरवून दिल्या. त्यानं त्या गहाण ठेवल्या, व्याजावर, आणि अम्मीला कळू नये म्हणून पावती मशीनच्या खणात लपवली. व्याज चढलं, नोटीस आली, बांगड्या लिलावात गेल्या. त्यानं 'सोडवून आणतो' असं म्हटलं होतं.

यानंतर रफीक ते वाक्य बोलतो, जे मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा परत लिहिलं: "त्यातले 15 हजार कुठे गेले, विचार तुझ्या अम्मीला."

नसीमच्या आईच्या ऑपरेशनला गेले होते. खरं आहे. उरलेल्यातून भाडं आणि राशन. मी ते वाक्य खोडत होते कारण ते बोलल्यावर रफीक मला आवडेनासा झाला. मग लक्षात आलं, मी त्याला गप्प बसवतेय ते नसीमला जिंकवण्यासाठी. मी मुलगी आहे, सून आहे, माझ्याही हातातल्या बांगड्या कुणीतरी मोजल्यात. माझी लेखणी आपोआप तिच्याकडे झुकते. तो हे बोलला नाही तर भांडणातली त्याची सगळ्यात मजबूत बाजू लेखिकेनं दाबून ठेवल्यासारखं होतं. बोलला तर बाजू खरी, आणि बोलणं क्रूर. माणसं भांडताना अशीच असतात, बरोबर असतात तेव्हाच जास्त लागेल असं बोलतात.

उलटं पाप मी दुसऱ्या खर्ड्यात केलं होतं. त्यात शेवटी कळायचं की नसीम रात्री मशीनवर जे शिवत होती तो नणंदेच्याच लग्नाचा जोडा होता, फुकट. ऐकणाऱ्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही खूश. दोन दिवसांनी कथा परत वाचली तेव्हा शरम वाटली. त्या एका जोड्यानं रफीकचा सगळा मुद्दा पुसून टाकला होता. वाचक त्याचं ऐकणंच बंद करतो: अरे, ती तुझ्याच बहिणीचे कपडे शिवतेय! बायकोला संत करणं हे नवऱ्याला खलनायक करण्याचंच दुसरं नाव. आता ती गिऱ्हाइकाचे ब्लाऊज शिवते, पैसे घेऊन.

असा झुकाव ओळखायचा कसा, तर मी एक करते. भांडणातली एकाचीच वाक्यं सलग वेगळ्या कागदावर उतरवते आणि वाचते. मग दुसऱ्याची. ज्या कागदावरच्या माणसाला एका शब्दात बसवता येतं, कंजूष, उधळी, मतलबी, तो कागद अजून लिहून झालेला नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात रफीकचा कागद म्हणजे नुसता हुकूम होता. 'विचारायचं काय त्यात', 'मी सांगतो म्हणून'. बहिणीच्या आयटीआयच्या फीची गोष्ट त्यात नव्हतीच. ती मी नंतर घातली, आणि ती घातल्यावर त्याचे हुकूम आपोआप गळून पडले. त्या माणसाला हुकूम द्यायची गरजच राहिली नाही.

त्या बुजुर्गांना मी एक हदीस आठवून दिली. सहीह बुखारीत आहे, त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्या पत्नी जैनब. त्यांना आपले दागिने सदका म्हणून द्यायचे होते. नवरा म्हणाला, इतरांपेक्षा मी आणि माझा मुलगा त्याचे जास्त हकदार आहोत. विचार करा, घरात काय वातावरण असेल त्या क्षणी! दागिने तिचे, यात कुणाला शंका नाही. मागणारा नवरा गरीब, पण मागणं तर आहेच. जैनब नवऱ्याचं म्हणणं निमूट मानून गप्प बसल्या नाहीत, त्याला हावरटही म्हणाल्या नाहीत. त्या रसूलुल्लाहांकडे (स.) गेल्या आणि विचारलं. उत्तर मिळालं की इब्न मसऊद खरं बोलले, तू ज्यांना सदका देशील त्यांत तुझा नवरा आणि मूल जास्त हकदार आहेत. दुसऱ्या एका रिवायतीत त्यांना दारातच एक अन्सारी बाई भेटते, नेमका हाच प्रश्न घेऊन आलेली. बिलाल प्रश्न आत नेतात, आणि असं देणाऱ्याला दुहेरी सवाब आहे असं उत्तर येतं. म्हणजे त्या एका दारात, एका वेळी, नवऱ्याच्या आणि घराच्या पैशाचा पेच घेऊन दोन बाया उभ्या होत्या. तौबा कुणाकडूनच करवून घेतली गेली नाही. पैसे बाईचेच राहिले, आणि नवऱ्याची गरजही खरी ठरली. बुजुर्ग हसले. म्हणाले, "पण तिनं लपवलं नव्हतं." बरोबर आहे. नसीमनं लपवलं, ते मी लिहिलंच आहे.

आणि संपादकांना मी 'वाडा चिरेबंदी'ची आठवण करून दिली. महेश एलकुंचवारांचं 1985 चं नाटक. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारलेत, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय, आणि तेराव्याचा खर्च कसा भागवायचा हा घरापुढचा प्रश्न आहे. मुंबईहून आलेले सुधीर आणि अंजली त्यात अडकतात. अंजलीला खर्च दिसतो, सुधीरला घर दिसतं. मी ते वाचते तेव्हा दोघांपैकी कुणाचाच हात सोडवत नाही. त्या नाटकाला कुणी विचारतं का, की चूक कोणाची? देशपांड्यांच्या घरात गुंता चालतो, किराडपुऱ्यातल्या घरात गुन्हेगार लागतो. ते म्हणाले, "ती तुलना बरोबर नाही." का नाही, ते सांगितलं नाही. 1990 साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. आपल्या घरांबद्दल आपण मराठीत लिहिणं ही त्यानंतर तरी नवलाई राहायला नको होती. आपल्याला आपला जुल्म लिहायची परवानगी मिळाली, आपला हिशोब लिहायची अजून मिळायची आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करते, कारण कुणीतरी विचारेलच. नवरा बायकोचं एटीएम कार्ड काढून घेतो, हात उचलतो, तिच्या कमाईवर दारू पितो, तिथे 'दोघंही थोडे बरोबर' असं लिहिणं लबाडी आहे. तिथे भांडण नाही, जबरदस्ती आहे, आणि ती जबरदस्ती म्हणूनच लिहावी. दोघांनाही 'नाही' म्हणता येतं आणि 'नाही' म्हटल्यावरही सकाळी चहा मिळतो, तिथेच भांडण असतं. माझ्या कथेत नसीम 'नक्को' म्हणते आणि तिला काही होत नाही. संपादकांना खटकलं ते बहुतेक हेच असावं.

शेवट मी असा केला होता. पहाटे रफीक उठतो तेव्हा नसीम नमाजला उभी असते. मशीनच्या खणात पैशाचं पाकीट असतं, त्याच खणात ती गहाणाची जुनी पावती. तो खण उघडतो, पावती वाचतो, पाकिटाला हात न लावता खण बंद करतो आणि शादीखान्यावाल्याला फोन लावतो. तिकडे रिंग वाजत राहते, कथा संपते. तो काय बोलणार होता हे मी लिहिलं नाही. अर्धे आता घ्या म्हणणार असेल, शब्द मागे घेणार असेल, किंवा तारीखच मागणार असेल.

परवा शहागंजच्या मागे एका घरी आम्ही दहा-बारा बाया जमलो होतो, तिथे ही कथा वाचली. वाचून होताच खोली दुभंगली. एक म्हणाली, मशीन आधी, मशीन लग्नाचे पैसे काढून देईल. दुसरी म्हणाली, तू तुझ्या भावाला असंच सांगशील का, तुझं लग्न असताना? तिसरीनं दुसरीला तिच्या स्वतःच्या नणंदेवरून काहीतरी सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही. कोपऱ्यात एक आपा बसल्या होत्या, सत्तरीच्या, इतका वेळ गप्प. वीस-पंचवीस वर्षं भिशी चालवलेली बाई. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "ते सगळं राहू दे. उरलेले नऊ हप्ते तिनं भरले ना?"

मी ते लिहिलंच नव्हतं. घरी येऊन कथेला एक पान वाढवलं.